डॉल्फिन नौकेपुढे का धावतात आणि पाण्याबाहेर का झेपावतात?

अनघा_सातारा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहकुटुंब तारकर्लीला गेलो होतो. देवबागच्या खाडीच्या मुखाशी होडीतून डॉल्फिन पाहायला नेतात, तसे आम्हांलाही नेले. डॉल्फिन दिसले, परंतु जे मनात धरून गेलो होतो ते दिसले नाही. पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेले चारपाच करडे प्राणी संथपणे वर येत, श्वास घेत आणि पुन्हा बुडत. होडी त्यांच्या दिशेने वळली की ते दुसऱ्याच बाजूला निघत. एकदा मात्र त्यांतील एकाने अर्धे अंग पाण्याबाहेर काढून झेप घेतली आणि होडीतील सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझे दीर व्यापारी जहाजावर आहेत. त्यांनी अरबी समुद्रातून पाठवलेल्या चित्रफितीत वीसपंचवीस डॉल्फिन जहाजाच्या टोकापुढे अक्षरशः शर्यत लावल्यासारखे धावत आहेत आणि मधूनच संपूर्ण शरीर हवेत काढून उड्या मारत आहेत. दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहिल्यावर मुलाने विचारले, "आई, जहाजाबरोबर खेळणारे डॉल्फिन आपल्या होडीला का घाबरले?" मला उत्तर देता आले नाही. ते जहाजापुढे धावतात ते नेमके कशासाठी, आणि उडी ही आनंदाची खूण आहे की तिच्यामागे दुसरे काही कारण असते, हे इथल्या जाणकारांनी सांगावे.

पाटीलबुवा

आमच्या गल्लीतील कुत्री प्रत्येक दुचाकीबरोबर शंभर पावले धावतात आणि मग विजयी मुद्रेने परत येतात. त्यांनाही कुठे जायचे नसते. डॉल्फिनांचे प्रकरण याहून फार वेगळे असेल असे मला वाटत नाही.

सायकलस्वार_नाशिक

यात गूढ असे काही नाही. आम्ही महामार्गावर सायकल चालवताना एखाद्या मालवाहू गाडीच्या मागे राहिलो की हवेचा विरोध कमी होतो आणि फारसे पायडल न मारता वेग टिकतो. जहाज पाणी कापत पुढे जाते आणि त्याच्या आडोशाने डॉल्फिन ओढले जातात. फुकटचा प्रवास कोणाला नको असतो?

प्रवाही

सायकलस्वार, आपले "फुकटचा प्रवास" हे शब्द बरोबर आहेत, परंतु आडोशाची कल्पना इथे लागू पडत नाही, कारण डॉल्फिन जहाजाच्या मागे नव्हे तर पुढे असतात. आपण गाडीच्या मागे राहता तेव्हा आपल्याला होणारा विरोध कमी होतो, पण पायडल मारावेच लागते. जहाजापुढच्या डॉल्फिनाला मात्र मागून चक्क ढकलले जाते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात द्रवगतिकी शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जहाज पुढे सरकते तेव्हा त्याच्या टोकापुढील पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही आणि ते काही अंतर पुढे रेटले जाते. टोकाच्या अगदी लगत पाण्याचा दाब सर्वांत जास्त असतो आणि जसजसे पुढे जावे तसतसा तो झपाट्याने उतरत जातो. दोन मीटर लांबीचा प्राणी या उतरत्या दाबात, शेपटी जहाजाकडे आणि तोंड पुढे करून राहिला, तर त्याच्या शेपटीकडचा दाब तोंडाकडच्या दाबापेक्षा जास्त राहतो. दोन्हींतला फरक त्याला पुढे लोटतो, आणि योग्य जागा साधली तर हा रेटा पाण्याच्या विरोधाइतका भरतो. मग शेपटी न हलवता जहाजाच्या वेगाने जाता येते.

ती जागा मात्र अरुंद असते. दोन-तीन मीटर पुढे गेले की रेटा संपतो, आणि बाजूला सरकले की पाणी बाहेर फेकते. त्यामुळे मोठा कळप असला तरी प्रत्यक्ष टोकापुढे एका वेळी थोडेच डॉल्फिन मावतात आणि उरलेले बाजूने येऊन त्यांची जागा घेतात. अनघाताई, आपल्या दिरांची चित्रफीत पुन्हा पाहा. मध्यभागी असलेल्यांच्या शेपट्या जवळजवळ स्थिर दिसतील आणि कडेला असलेल्यांच्या जोरात हलताना दिसतील.

खलाशीदादा

मी एकवीस वर्षे जहाजांवर काढली आहेत. प्रवाही सरांनी लिहिलेले तंतोतंत पाहिले आहे. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या टोकाशी, पालथे पडून खाली पाहिले की डॉल्फिन कुशीवर वळून एक डोळा वर करून आपल्याकडे पाहतो, आणि तशा अवस्थेतही जहाजाच्या पुढे टिकून राहतो. जहाज त्या वेळी बारा-तेरा नॉटने चाललेले असते.

याचा सर्वांत चांगला पुरावा मात्र रात्री मिळतो. समुद्रात काही वेळा असे सूक्ष्म जीव असतात की पाणी ढवळले की ते निळसर चमकतात. अशा एका काळोख्या रात्री अरबी समुद्रात नाळेपुढे चार डॉल्फिन होते. बाजूने पोहत येणाऱ्याच्या मागे नागमोडी, तुटक उजेड उठे, कारण शेपटीचा प्रत्येक फटका वेगळा चमके. टोकापुढे येऊन तो स्थिरावला की नागमोड नाहीशी होई आणि नुसती त्याच्या अंगाभोवती प्रकाशाची सरळ रेघ उरे. त्या रेघेवरूनच कोण पोहत आहे आणि कोण स्वार झाला आहे ते कळत होते.

मृण्मयी_ऑकलंड

न्यूझीलंडमध्ये राहत असल्यामुळे पेलोरस जॅकची आठवण इथे द्यावीशी वाटते. १८८८ ते १९१२ या काळात एकच डॉल्फिन अॅडमिरल्टी बेजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांबरोबर जात असे. फ्रेंच पास नावाची तेथील सामुद्रधुनी अतिशय अरुंद आणि जोरदार प्रवाहाची आहे, आणि तो जहाजांना वाट दाखवून सुखरूप पार नेत असे, अशी कथा प्रसिद्ध आहे. १९०४ साली त्याच्या संरक्षणासाठी सरकारी आदेशही निघाला. त्यामुळे डॉल्फिन माणसाला मदत करण्यासाठी पुढे धावतात, ही शक्यता आपण सोडून देऊ नये.

नेत्रा_जीवशास्त्र

मृण्मयीताई, पेलोरस जॅक खरा होता आणि तो आदेशही खरा आहे. तो रिसोज जातीचा डॉल्फिन होता. परंतु तो जहाजांना फ्रेंच पासमधून पार नेत नसे. खाडीच्या बाहेर तो जहाजाला येऊन मिळे, काही मैल बरोबर चाले, अंग जहाजाला घासे आणि सामुद्रधुनीच्या अलीकडेच थांबे. वाट दाखवणारा नेमक्या अवघड जागी साथ सोडत असेल, तर त्याला वाटाड्या म्हणणे कठीण आहे. पुढे धावणारा प्राणी आपल्याला नेत आहे असे मागच्याला वाटणे साहजिक आहे, पण इथे मागचाच पुढच्याला ढकलत असतो.

अनघाताईंच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग अजून कोणी हाताळलेला नाही. त्यांनी पाहिलेले दोन्ही प्राणी एकाच जातीचे नव्हते. पाठीवर कुबड म्हणजे हिंदी महासागरातील हम्पबॅक डॉल्फिन. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखांशी दिसतो तो बहुधा हाच. ही जात लाजरी आहे आणि नौकेच्या टोकापुढे ती क्वचितच येते. आपल्याच किनाऱ्यावर फिनलेस पॉरपॉईज नावाचा त्याहून छोटा, पाठीवर पर नसलेला प्राणी असतो, आणि तो होडी दिसली की गुपचूप नाहीसा होतो. दिरांच्या चित्रफितीत खोल समुद्रातील स्पिनर किंवा बॉटलनोज असावेत. या जातींना नौकेपुढे येण्याची हौस असते. तेव्हा मुलाला सांगा की तारकर्लीचे डॉल्फिन घाबरट नव्हते, त्यांच्या जातीची रीतच निराळी आहे.

पाटीलबुवा

म्हणजे आमच्या गल्लीतही काही कुत्री धावतात आणि काही पायरीवर पडून राहतात, ते जातीमुळेच म्हणायचे.

गणितप्रेमी_विदुला

मला उडीबद्दल विचारायचे आहे. पाण्यातून दोनशे किलोचे शरीर हवेत उचलणे म्हणजे किती श्रम! ऊर्जा वाचवण्यासाठी लाटेवर स्वार होणारा प्राणी दुसऱ्याच क्षणी अशी उधळपट्टी का करतो? त्यामुळे उडी ही निव्वळ मौज आहे असेच वाटते.

प्रवाही

विदुलाताई, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. काही उड्या उधळपट्टी असतात आणि काही उड्या काटकसर असतात. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो.

डॉल्फिनाला श्वासासाठी वर यावेच लागते. परंतु पृष्ठभागालगत वेगाने पोहणे हे सर्वांत महाग पोहणे आहे, कारण तिथे शरीर लाटा उठवते आणि त्या लाटांमध्ये ऊर्जा वाया जाते. शरीराच्या जाडीच्या सुमारे तिप्पट खोलीवर हा लाटांचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. पृष्ठभागालगत एकूण विरोध खोल पाण्यातल्याच्या पाचपटींपर्यंत जाऊ शकतो. संथ पोहणाऱ्याला याचा त्रास नाही, तो अलगद वर येतो. घाईत असलेल्याला मात्र श्वासासाठी या महागड्या थरातून पुन्हा पुन्हा जावे लागते. मग तो थर हवेतूनच ओलांडला तर? हवेचा विरोध पाण्याच्या मानाने नगण्य असतो आणि श्वासही तिथेच घेता येतो.

आता हिशेब पाहा. समजा डॉल्फिन सेकंदाला ५ मीटर वेगाने, म्हणजे सुमारे १० नॉटने, पाण्याशी ३० अंशांचा कोन करून बाहेर पडला. त्याचे शरीर सुमारे अर्धा सेकंद हवेत राहील, सव्वादोन मीटर पुढे जाईल आणि जेमतेम ३० सेंटिमीटर उंच उठेल. वेग दुप्पट केला तर त्याच कोनात उंची चौपट होते, म्हणून उडीचा खर्च चौपट होतो. पण उडीची लांबीही चौपट होते, आणि तेवढ्या अंतरात पाण्याचा जो विरोध सोसावा लागला असता तोही चौपट असतो, म्हणून वाचणारे श्रम सोळापट होतात. त्यामुळे एका ठरावीक वेगाच्या खाली उडी तोट्याची आणि त्याच्या वर फायद्याची ठरते. आउ आणि वाइस यांनी १९८० साली हा विचार मांडला. हा सीमेवरचा वेग प्राण्याच्या आकारानुसार बदलतो आणि वेगवेगळ्या गणितांत वेगवेगळा येतो, परंतु तो साधारण १० नॉटच्या आसपास धरायला हरकत नाही.

काटकसरीची उडी ही अशी बुटकी, लांब आणि एकामागून एक येणारी असते. प्राणी तोंड पुढे करून, सुईसारखा, फारसे पाणी न उडवता परत शिरतो. याउलट छायाचित्रांत दिसणारी तीन मीटर उंचीची उडी घ्यायची तर पाणी सोडताना सरळ वर जाणारा वेग सेकंदाला पावणेआठ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर लागतो. एवढे करून प्राणी जवळपास त्याच जागी पडतो. या उडीत प्रवासाची बचत काहीच नाही.

गणितप्रेमी_विदुला

सोळापटीचा मुद्दा कागदावर करून पाहिला, जुळतो. परंतु पाण्यातून बाहेर पडताना आणि परत शिरताना होणारा खर्च आपण धरलेला दिसत नाही. पोटावर आपटला तर?

प्रवाही

बरोबर पकडलेत. म्हणूनच तो सीमेवरचा वेग एकच एक सांगता येत नाही. शरीराबरोबर थोडे पाणीही वर ओढले जाते आणि त्याचाही खर्च असतो. पोटावर आपटला तर सगळी बचत पाण्यात गेली, शब्दशः.

नेत्रा_जीवशास्त्र

पोटावर किंवा कुशीवर मुद्दाम आपटणाऱ्या उड्याही असतातच. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर डस्की डॉल्फिनांचा अभ्यास झाला आहे. तिथे माशांच्या थव्याला घेरताना निराळ्या प्रकारच्या उड्या दिसतात. खोल बुडी मारण्याआधी आणि नंतर स्वच्छ, डोके आधी शिरणारी उडी, आणि काही वेळा मोठा आवाज करत आपटणारी उडी. आवाज पाण्याखाली दूर जातो, त्यामुळे सोबत्यांना कळवणे किंवा मासे बिचकवणे यासाठी तो उपयोगी पडत असावा असे मानले जाते. स्पिनर तर एका उडीत सात फेऱ्यांपर्यंत गिरकी घेतात. ही गिरकी हवेत नव्हे, पाण्यातच सुरू होते आणि पाण्याचा विरोध सुटताच वेग धरते. अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकण्यासाठी ती असावी असाही एक तर्क आहे, पण रेमोरा नसलेलेही गिरक्या घेतातच.

कल्याणकर_काका

१९९५च्या सुमारास परदेशात एका मोठ्या मत्स्यालयात डॉल्फिनाचा खेळ पाहिला होता. शिट्टी वाजली की वर टांगलेल्या चेंडूला नाक लावी आणि लगेच मासा मिळे. मला तर उडीचे कारण सरळ वाटते, मासा मिळतो म्हणून.

नेत्रा_जीवशास्त्र

काका, तिथे खरोखरच तेच कारण होते. पण त्या उडीवरून समुद्रातल्या उडीबद्दल काही ठरवता येणार नाही. भारतात तर असे खेळ उभारण्यास केंद्र सरकारने २०१३ साली मनाई केली आहे.

शिडाचे_गलबत

सगळे "ऊर्जा वाचते" असे म्हणत आहेत, परंतु कोणी ती मोजली आहे का? की नुसता तर्क आहे?

नेत्रा_जीवशास्त्र

मोजली आहे. टेरी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी दोन बॉटलनोज डॉल्फिनांना नौकेशेजारी पोहायला शिकवले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके, श्वासाची गती आणि श्रमानंतर रक्तात साठणारे लॅक्टेट तपासले. हे काम १९९२ साली प्रसिद्ध झाले. या प्राण्यांना सर्वांत स्वस्त पडणारा वेग सेकंदाला २.१ मीटर निघाला. नौकेचा वेग वाढवत नेला तेव्हा डॉल्फिन शेजारी पोहणे सोडून तिच्या लाटेवर स्वार झाले, आणि ३.८ मीटर वेगाला त्यांचे श्रम २.१ मीटर वेगाच्या वेळेइतकेच, किंचित जास्त, राहिले. म्हणजे जवळपास पावणेदोनपट वेग जवळपास त्याच खर्चात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्राणी दोनच होते, आणि ती लहान नौकेची मागची लाट होती, मोठ्या जहाजाचे टोक नव्हे. तेव्हा सायकलस्वारांना थोडा न्याय द्यायला हवा. डॉल्फिन मागच्या लाटेवरही स्वार होतात, फक्त तिथेही आडोसा नसतो, उतार असतो.

सायकलस्वार_नाशिक

न्याय स्वीकारला. आडोसा मागे घेतो, उतार ठेवतो.

प्रवाही

या निमित्ताने एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९३६ साली जेम्स ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने एक कोडे मांडले. एका डॉल्फिनाने चालत्या जहाजाच्या बाजूने सात सेकंदांत त्याला मागे टाकल्याचे एका निरीक्षकाने नोंदवले होते, आणि त्यावरून डॉल्फिनाचा वेग सुमारे २० नॉट निघत होता. ग्रेने हिशेब केला आणि त्याला आढळले की या वेगासाठी स्नायूंना त्यांच्या आवाक्याच्या सातपट शक्ती द्यावी लागेल. मग डॉल्फिनाच्या त्वचेत काही जादू असावी असे मानून पुढे अनेक वर्षे संशोधन चालले. वस्तुतः सात सेकंदांची धाव हा जोरकस झटका असतो आणि त्याची तुलना दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमांशी केली गेली होती. शिवाय चालत्या जहाजालगत पाणी स्थिर नसते, त्यामुळे त्या प्राण्याला जहाजाच्या लाटेची मदत झाली असण्याचीही शक्यता आहे. पुढे फ्रँक फिश यांनी बुडबुड्यांच्या पडद्यासमोर डॉल्फिन पोहायला लावून शेपटी देत असलेला जोर मोजला, आणि तो ग्रेच्या अंदाजापेक्षा पुष्कळच जास्त निघाला. कोडे डॉल्फिनात नव्हते, हिशेबात होते.

खलाशीदादा

आता माझी एक शंका. प्रवास स्वस्त पडतो हे मान्य. परंतु मी कितीतरी वेळा पाहिले आहे की डॉल्फिन बाजूने, कधी तर समोरून येतात, वळून जहाजापुढे दहा-पंधरा मिनिटे धावतात आणि मग आले त्याच दिशेने परत जातात. मुंबईहून पुण्याला जायचे असलेला माणूस फुकट मिळते म्हणून नाशिकच्या गाडीत बसत नाही. वाहन स्वस्त आहे हे सिद्ध झाले, पण प्रवासी कुठे निघाला आहे हे कोणी सांगितलेले नाही.

पाटीलबुवा

माझ्या कुत्र्यांचा मुद्दा पुन्हा चर्चेत आल्याचे पाहून समाधान वाटले.

नेत्रा_जीवशास्त्र

खलाशीदादा, याचे निर्विवाद उत्तर कोणाजवळही नाही. जहाजे नव्हती तेव्हाही डॉल्फिन मोठ्या देवमाशांच्या डोक्यापुढील पाण्यावर स्वार होत, आजही होतात, आणि किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांवरही होतात. पिल्लू आईच्या कुशीलगत राहून पोहते तेव्हा तिच्या शरीराभोवतीच्या प्रवाहाचा त्यालाही फायदा मिळतो, म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यावर चालण्याचे शिक्षण जन्मापासूनच सुरू होते. त्यामुळे जहाज हा त्यांच्या दृष्टीने न थकणारा देवमासा असावा. परंतु परत फिरण्याचे स्पष्टीकरण यातूनही मिळत नाही. मी स्वतः याला खेळ म्हणेन. खेळ स्वस्तात पडतो म्हणून तो इतका वेळ चालतो, एवढाच ऊर्जेचा संबंध मला दिसतो.

प्रवाही

मी इतक्या सहज "खेळ" म्हणणार नाही. ज्याचा उपयोग आपल्याला कळत नाही त्याला खेळ म्हणण्याची आपली सवय आहे. जागेसाठी कळपात चालणारी धक्काबुक्की पाहिली तर त्यात कोण वरचढ हेही ठरत असेल.

देवबागचा_तांडेल

माझी स्वतःची पर्यटकांची होडी आहे आणि हा धागा मला मुलीने वाचून दाखवला, म्हणून तिच्याकडून लिहवून घेत आहे. नेत्राताई सांगतात ते खरे आहे. आमच्याकडचे डॉल्फिन होडीच्या पुढे धावत नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी मासेमारीच्या पाती खोल पाण्यात जात, तेव्हा तिकडे नाळेसमोर येणारे दुसरे बारके डॉल्फिन ते पाहत. आम्हांला सवय आहे की यंत्र बंद करून थांबायचे, मग ते आपणहून वर येतात. पण पर्यटक म्हणतात, "मामा, जवळ घ्या, उडी दाखवा." दहा होड्या एकाच कळपामागे लागल्या की ते लांब बुडी मारतात आणि भलतीकडे निघतात. आणि अनघाताई, होडी मागे लागलेली असताना मारलेली उडी खेळाची नसते असे मला वाटते. माझे शिक्षण नाही, पण त्या उडीनंतर तो होडीकडे कधी येत नाही.

नेत्रा_जीवशास्त्र

तांडेलदादा, आपल्या निरीक्षणाला भक्कम आधार आहे. पूर्व प्रशांत महासागरात ठिपकेदार डॉल्फिनांच्या कळपाखाली ट्यूना मासे असतात. तिथे अनेक दशके वेगवान नौकांनी डॉल्फिनांचा पाठलाग करून, त्यांच्यासकट जाळी टाकून ट्यूना पकडले गेले आणि त्यात असंख्य डॉल्फिन मेले. इतरत्र हेच डॉल्फिन आनंदाने जहाजापुढे येतात. तिथले मात्र जहाज काही मैलांवर असतानाच दिशा बदलून पळू लागतात, हे हेलिकॉप्टरमधून नोंदवले गेले आहे. आणि पळताना ते काय करतात? प्रवाही सरांनी सांगितलेल्या त्या बुटक्या, लांब उड्या, एकामागून एक. सरांनी उल्लेख केलेल्या त्या शोधनिबंधातील आउ हेच या पलायनाच्या नोंदी करणारे संशोधक आहेत.

म्हणजे उडी तीच, पण एका ठिकाणी ती शर्यतीत सामील व्हायला येणाऱ्याची असते आणि दुसऱ्या ठिकाणी जीव घेऊन पळणाऱ्याची. उडीवरून मनःस्थिती ओळखता येत नाही. दिशा पाहावी लागते.

गणितप्रेमी_विदुला

मग मौज की भीती हे होडीतील माणसाने प्रत्यक्षात कसे ओळखायचे?

नेत्रा_जीवशास्त्र

नौका आपला वेग आणि दिशा अजिबात न बदलता जात असताना डॉल्फिन आपणहून अंतर कमी करतो का, हे पाहावे. नौका त्यांच्याकडे वळवली की प्रयोगच बिघडतो, कारण मग जवळ कोण आले तेच कळत नाही. आधी पसरलेला कळप एकदम दाटीने एकत्र आला, श्वासांमधील वेळ वाढला, प्रत्येक वेळी पाठ आपल्याकडे असली, तर ते टाळत आहेत असे समजावे. पिल्लू बरोबर असेल तर आई त्याला नौकेच्या विरुद्ध बाजूला घेते. कोकणातले हम्पबॅक किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात राहतात, त्यांना दूर खोल पाण्यात निघून जाण्याची सोय नसते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. वाघाच्या मागे दहा जीपगाड्या लावल्या तर आपण काय म्हणू, याचा विचार व्हावा.

शिडाचे_गलबत

ताडोबाला लावतातच की.

अनघा_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोन्ही चित्रफिती मुलाबरोबर पुन्हा पाहिल्या. दिरांच्या चित्रफितीत मधल्या तीन डॉल्फिनांच्या शेपट्या खरोखर स्थिर आहेत. कडेचा एक जोरात शेपटी मारत आत घुसतो आणि त्याबरोबर मधला एक बाहेर फेकला जातो. ते आम्ही चार वेळा पाहिले. उड्या मात्र सगळ्या बाजूने येणाऱ्यांच्या आहेत, टोकापुढे स्थिरावलेल्याची एकही नाही. प्रवाही सर, हे अपेक्षित आहे का?

तारकर्लीच्या चित्रफितीत टाळ्या पडलेल्या उडीपूर्वीचा भाग मी आधी नीट पाहिलाच नव्हता. आमची होडी आणि दुसरी एक होडी दोन बाजूंनी त्यांच्याकडे वळलेल्या आहेत. उडीनंतर एक मिनिट चाळीस सेकंद पाणी रिकामे आहे, आणि मग ते पार दुसऱ्या होडीच्या पलीकडे, समुद्राच्या दिशेने वर येतात.

प्रवाही

अपेक्षित आहे. ज्याला मागून रेटा मिळतो आहे त्याला पाणी सोडून हवेत जाण्यात तोटाच आहे, कारण रेटा पाण्यातच आहे. तो श्वासापुरते डोके वर काढतो आणि जागा टिकवतो. बाजूने येणाऱ्याला मात्र जहाजापेक्षा जास्त वेगाने यावे लागते, आणि उडी फायद्याची होते ती त्याच वेगाला. जहाज किती नॉटने चालले होते हे दिरांना विचारता येईल का?

अनघा_सातारा

विचारले. साडेअकरा.

देवबागचा_तांडेल

अनघाताई, पुढच्या वेळी नोव्हेंबरात सकाळी लवकर या, पाणी शांत असते आणि होड्या कमी असतात. यंत्र बंद करून थांबू. उडी दिसेलच असे सांगत नाही.